पाच गट बरोबर आहेत, पण त्यांची नावं आली कुठून?

ग्राहकांचे गट पाडायला शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातातून एक फाइल गेलेली असते: `Mall_Customers.csv`. दोनशे ग्राहक आणि पाच कॉलम. ग्राहक क्रमांक, लिंग, वय, वार्षिक उत्पन्न (हजार डॉलरमध्ये) आणि एक ते शंभरमधला ‘स्पेंडिंग स्कोअर’. त्यावर के-मीन्स चालवायचं, एल्बोचा आलेख काढायचा, पाच गट घ्यायचे, रंगीत ठिपके छापायचे. शेवटी गटांना नावं द्यायची: काटकसरी, बेफिकीर, समंजस, सर्वसाधारण आणि ‘टार्गेट’. पदव्युत्तर प्रोजेक्टमध्ये हा सराव दिसतो, नोकरीच्या अर्जासोबतच्या नोटबुकमध्ये दिसतो, आणि आता प्रबंधाच्या पद्धती-प्रकरणातही जसाच्या तसा दिसू लागलाय.

या सरावाची टिंगल करायचा माझा हेतू नाही. त्यातला ‘पाच’ हा आकडा मला पटतो, आणि तो का पटतो हे आधी नीट सांगतो. पण किती गट आहेत हा एक प्रश्न आणि त्या गटांना काही अर्थ आहे का हा दुसरा. या सरावात पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचंही मिळालं असं गृहीत धरलं जातं. संशोधनात शिरताना हीच सवय महागात पडते.

‘पाच’ कशावरून?

के-मीन्स काय करतं हे तुम्हाला माहीत असेलच, तरी उजळणी करू. तुम्ही गटांची संख्या सांगता. ते तितकी केंद्रं टाकतं, प्रत्येक ग्राहकाला जवळच्या केंद्राकडे पाठवतं, मग प्रत्येक केंद्र आपल्या ग्राहकांच्या सरासरीवर सरकवतं, आणि काही हलेनासं होईपर्यंत हेच करत राहतं. ज्याला कमी करायचं असतं तो आकडा म्हणजे प्रत्येक ग्राहकाच्या स्वतःच्या केंद्रापासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज. सायकिट-लर्नमध्ये याला `inertia_` म्हणतात. इथे आपण तिला ‘उरलेलं अंतर’ म्हणू.

फक्त उत्पन्न आणि स्कोअर हे दोन कॉलम घेतले तर एकाच गटात हे उरलेलं अंतर २,६९,९८१ भरतं. तीन गटांना ते १,०६,३४८ होतं, चारला ७३,६८०, पाचला ४४,४४८ आणि सहाला साधारण ३७,२००. म्हणजे चारवरून पाचवर जाताना २९ हजारांची घट होते आणि पाचवरून सहावर जाताना फक्त सात हजारांची. आलेखात पाचपाशी कोपर दिसतं ते यामुळे.

सिल्हूएट स्कोअरही हेच सांगतो. तो प्रत्येक ग्राहकाला विचारतो: तू स्वतःच्या गटातल्यांपासून सरासरी किती दूर आहेस, आणि सगळ्यात जवळच्या परक्या गटापासून किती? परक्या गटापासूनचं अंतर स्वतःच्या गटापासूनच्या अंतरापेक्षा जितकं मोठं, तितका स्कोअर एकाच्या जवळ. इथे चार गटांना तो ०.४९ येतो, पाचला ०.५५, सहाला ०.५४. पाच आणि सहातला फरक किरकोळ आहे, आणि हे लिहायला हवं. बहुतेक नोटबुकमध्ये ‘पाचला सर्वात जास्त’ एवढंच असतं.

आता इथे एक वाक्य हमखास येतं: ‘पाच गट डेटातला ८३ टक्के फरक स्पष्ट करतात.’ आकडा खरा आहे. ४४,४४८ हे २,६९,९८१ च्या १६.५ टक्के, म्हणजे बाकीचा ८३.५ टक्के ‘स्पष्ट’ झाला. ऐकायला भारी वाटतं. पण हा आकडा कशाच्या तुलनेत मोठा?

समजा, एका चौकोनी शेतात कुठेही दाटी न करता सगळीकडे सारखं बी फेकलंय. त्यात गट असे नाहीतच. तरी शेताचे उभे-आडवे मधोमध छेद देऊन चार सारखे चौकोन करा. प्रत्येक चौकोनाची बाजू मूळच्या निम्मी झाली, म्हणून केंद्रापासूनची अंतरं निम्मी झाली, आणि अंतरांचे वर्ग पावपट. म्हणजे उरलेलं अंतर २५ टक्के. गट नसलेल्या शेतात चार गटांनी ७५ टक्के फरक ‘स्पष्ट’ केला! आणि मॉलच्या डेटात चार गटांना किती उरतं? ७३,६८० म्हणजे २७ टक्के. चार गटांच्या पातळीवर मॉलचे ग्राहक सपाट शेतापेक्षाही कमी गटबद्ध दिसतात.

पाचला मात्र चित्र पालटतं. सपाट शेतात पाच गटांना साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे २० टक्क्यांच्या आसपास उरतं. मॉलमध्ये १६.५ उरतं. चारपर्यंत मागे असलेला डेटा पाचला एकदम पुढे जातो. ‘पाच’वर माझा विश्वास बसतो तो इथे, ८३ टक्क्यांवरून नाही. तिबशिरानी, वॉल्थर आणि हेस्टी यांनी २००१ मध्ये मांडलेल्या गॅप स्टॅटिस्टिकमागचा विचार हाच आहे: उरलेल्या अंतराची तुलना गट नसलेल्या बनावट डेटाशी करा. करायला फार काही लागत नाही:

```python
import numpy as np
from sklearn.cluster import KMeans

cols = ["Annual Income (k$)", "Spending Score (1-100)"]
X = df[cols].to_numpy()
rng = np.random.default_rng(0)

def left(A, k):
    km = KMeans(n_clusters=k, n_init=20, random_state=0).fit(A)
    return km.inertia_ / ((A - A.mean(axis=0)) ** 2).sum()

for k in range(2, 9):
    flat = [left(rng.uniform(X.min(0), X.max(0), X.shape), k)
            for _ in range(50)]
    print(k, round(left(X, k), 3), round(np.mean(flat), 3))
```

दोन आकडे शेजारी छापले जातात: तुमच्या डेटात किती उरलं, आणि तितक्याच मोकळ्या जागेत सपाट विखुरलेल्या दोनशे ठिपक्यांत किती उरलं. प्रबंधात नुसता कोपराचा आलेख असेल तर परीक्षकाने हा दुसरा स्तंभ मागावा, असं माझं मत आहे. कारण कोपर डोळ्यांना दिसतं, आणि डोळे काय, हवं तिथे कोपर शोधतात.

नशिबाने जुळलेली मापं

पुढे जायच्या आधी या फाइलची एक अडचण सांगायला हवी, कारण ती चुकीचा धडा शिकवते. उत्पन्नाचं प्रमाण विचलन सुमारे २६ आहे आणि स्कोअरचंही सुमारे २६. त्यामुळे मापं सारखी न करताही के-मीन्स दोन्ही कॉलमांना सारखाच मान देतं, आणि बरेच जण ती पायरी सोडूनच देतात. काही बिघडत नाही, म्हणून ती सोडता येते असं वाटायला लागतं.

पण ही जुळणी उत्पन्न ‘हजार डॉलर’मध्ये लिहिलंय म्हणून झाली. तेच उत्पन्न डॉलरमध्ये लिहा, म्हणजे १५ च्या जागी १५,०००. उत्पन्नातली अंतरं हजारपट झाली, त्यांचे वर्ग दहा लाखपट. आता स्कोअर असला काय नि नसला काय, के-मीन्स फक्त उत्पन्नाच्या पट्ट्या पाडेल. ग्राहक तेच, एकक बदललं, आणि गट पूर्ण वेगळे. त्यामुळे मापं कशी ठरवली हा प्रश्न तांत्रिक तयारीच्या परिच्छेदात दडपायचा नाही. उत्पन्नातला किती फरक स्कोअरमधल्या किती फरकाएवढा मानायचा, हा निर्णय तुम्ही घेताय, आणि गट त्या निर्णयातून येतात.

आता अर्थाकडे

पाच गट असे दिसतात. मध्ये ८१ जणांचा मोठा पुंजका: उत्पन्न ५५ हजार, स्कोअर ५० च्या जवळ. चार कोपऱ्यांत चार छोटे गट: जास्त उत्पन्न आणि जास्त स्कोअर असे ३९ (उत्पन्न ८७ हजार, स्कोअर ८२), जास्त उत्पन्न पण कमी स्कोअर असे ३५ (८८ हजार आणि १७), कमी उत्पन्न तरी जास्त स्कोअर असे २२ (२६ हजार आणि ७९), आणि दोन्ही कमी असे २३ (२६ हजार आणि २१).

इथवर सगळं वर्णन आहे आणि ते बिनचूक आहे. घसरण नावांपासून सुरू होते. कमी उत्पन्न आणि जास्त स्कोअरवाले ‘बेफिकीर’ कशावरून? स्कोअर हा खर्च नाही. मॉलने ग्राहकाच्या वागण्यावरून आणि खर्चावरून दिलेला तो एक आकडा आहे. तो कसा काढला हे फाइलमध्ये नाही. किती रुपये, किती खेपा, किती दिवसांत, काही नाही. तो उत्पन्नाच्या प्रमाणात काढला असेल तर ‘कमी उत्पन्न, जास्त स्कोअर’चा अर्थ एक होतो. खेपांवरून काढला असेल तर ते बावीस जण रोज चहा प्यायला येणारी शेजारची कॉलेजची मुलंही असू शकतात. ‘टार्गेट’ हे तर वर्णनच नाही, तो सल्ला आहे. आधीच खूप खरेदी करणाऱ्याला जाहिरात पाठवल्याने तो आणखी खरेदी करेल का, हे या पाच कॉलमांमधून कुणालाही सांगता येणार नाही.

मग ‘तपासणी’ म्हणून काय करतात? हमखास दिसणारी गोष्ट म्हणजे अॅनोव्हा. पाच गटांतलं उत्पन्न घ्या, स्कोअर घ्या, सरासऱ्यांत फरक आहे का बघा. पी-व्हॅल्यू ०.००१ च्या खाली. निष्कर्ष: ‘गट सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीयरीत्या भिन्न आहेत.’ व्यवस्थापनाच्या प्रबंधांत हे टेबल इतकं रूढ आहे की ते नसेल तर लोक विचारतात.

पण हे म्हणजे वर्गातल्या मुलांना उंचीप्रमाणे उभं करायचं, रांगेच्या मधोमध रेघ मारायची, आणि मग चाचणी करून जाहीर करायचं की रेघेच्या या बाजूची मुलं त्या बाजूच्या मुलांपेक्षा लक्षणीयरीत्या उंच आहेत. गट ज्या कॉलमांवरून पाडले त्याच कॉलमांत ते वेगळे दिसणारच, कारण तेवढ्यासाठीच ते पाडलेत. हीच चाचणी वरच्या सपाट शेतातल्या ठिपक्यांवर करा, पी-व्हॅल्यू तिथेही शून्याला टेकेल. जी चाचणी नापास होऊच शकत नाही, तिच्यात पास होण्याला किंमत नाही.

दुसरी तपासणी स्थैर्याची. दोनशेतून पुन्हा पुन्हा नमुना उचलायचा, दर वेळी गट पाडायचे, आणि अॅडजस्टेड रँड इंडेक्सने बघायचं की तेच लोक पुन्हा एकत्र येतात का. ही चांगली सवय आहे, करावीच. पण ती एवढंच सांगते की पद्धत तुम्हाला पुन्हा तेच देते. अर्थाबद्दल ती गप्प असते. ग्राहकांना जन्ममहिन्याप्रमाणे वाटलं तरी बारा गट कायम तेच येतील.

खरी तपासणी म्हणजे गट पाडताना बाजूला ठेवलेल्या गोष्टीकडे जाणं. या फाइलमध्ये तशी एक गोष्ट आहे: वय. दोन कॉलमांवर गट पाडताना ते वापरलेलं नाही. गटांची सरासरी वयं बघा. कमी उत्पन्न, जास्त स्कोअर: २५. जास्त उत्पन्न, जास्त स्कोअर: ३३. जास्त उत्पन्न, कमी स्कोअर: ४१. मधला गट: ४३. दोन्ही कमी: ४५. जास्त स्कोअरचे दोन्ही गट तरुण आहेत आणि बाकीचे तीन चाळिशीपलीकडचे.

हे पी-व्हॅल्यूच्या टेबलापेक्षा कितीतरी बोलकं आहे, कारण हे चुकू शकलं असतं. पाचही गटांचं सरासरी वय ३९ च्या जवळपास आलं असतं तर आपण काही बोललो नसतो. आणि यातून नावांवरच संशय येतो: ज्यांना ‘बेफिकीर’ म्हटलं ते पंचविशीतले लोक आहेत. त्यांचं कमी उत्पन्न नुकत्याच लागलेल्या नोकरीचं असू शकतं, किंवा खर्च घरच्यांच्या पैशातून होत असू शकतो. स्वभावाचं नाव देण्याआधी वयाचा कॉलम बघायला दोन ओळी लागल्या असत्या.

पण इथेच ही फाइल संपते. वयापलीकडे तपासायला फक्त लिंगाचा कॉलम उरतो. तारखा नाहीत, त्यामुळे पुढे काय झालं ते कळत नाही. शिवाय कॅगलवर या डेटाच्या वर्णनातच लिहिलंय की तो केवळ शिकण्यासाठी तयार केलाय. म्हणजे ‘वयाचा शोध’सुद्धा कुठल्या मॉलबद्दल काही सांगतो असं म्हणता येत नाही. सरावाला तो उत्तम आहे, पण त्यावर ग्राहकांबद्दल निष्कर्ष लिहिता येत नाहीत.

जिथे अर्थ तपासता येतो, तिथे आकडा अवघड होतो

याच्या उलट टोकाला यूसीआयच्या भांडारातला ‘ऑनलाइन रिटेल’ हा डेटा आहे. ब्रिटनमधल्या, भेटवस्तू विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानाचे डिसेंबर २०१० ते डिसेंबर २०११ मधले खरे व्यवहार, ५,४१,९०९ ओळी. सुमारे १,३५,००० ओळींना ग्राहक क्रमांकच नाही. ज्यांना आहे त्यांच्यासाठी नेहमीचे तीन आकडे काढतात: शेवटची खरेदी किती दिवसांपूर्वी, किती वेळा खरेदी, एकूण किती पौंड.

इथे पाचपाशी ठसठशीत कोपर मिळत नाही. बरेच ग्राहक घाऊक व्यापारी आहेत, त्यामुळे पौंडांचा कॉलम प्रचंड एकांगी आहे. लॉग न घेता के-मीन्स चालवलं तर मूठभर बडे ग्राहक एका बाजूला आणि हजारो दुसऱ्या बाजूला जातात, आणि दोन गटांना सिल्हूएट खूप उंच येतो. उंच सिल्हूएट म्हणजे चांगले गट, असं मॉलच्या फाइलवरून शिकलेला विद्यार्थी इथे दोन गट घेऊन मोकळा होतो.

त्या बड्यांत कोण आहे बघा. ग्राहक १२३४६ ने १८ जानेवारी २०११ ला सकाळी १०:०१ ला ७४,२१५ बरण्या मागवल्या, ७७,१८३ पौंडांच्या, आणि १०:१७ ला सगळी ऑर्डर रद्द केली. डेटात रद्द ऑर्डरचा क्रमांक `C` ने सुरू होतो. ‘साफसफाई’ म्हणून `C` च्या ओळी गाळायची पद्धत आहे. ती केली की रद्द झाल्याची नोंद जाते आणि मूळ ऑर्डर राहते. एक पैसाही न दिलेला हा माणूस वर्षाचा बडा ग्राहक ठरतो. ग्राहक १६४४६ ची गोष्ट तीच: ९ डिसेंबर २०११ ला ८०,९९५ कागदी पक्षी, आणि बारा मिनिटांत रद्द. गटांचे आलेख कितीही बघा, हे दिसत नाही. मोठ्या रकमेचे दहा-वीस ग्राहक काढून त्यांच्या मूळ ओळी वाचल्या तरच दिसतं.

पण या डेटात तारखा आहेत, म्हणून गटांना नापास व्हायची संधी देता येते. ऑगस्ट २०११ अखेरपर्यंतच्या व्यवहारांवर गट पाडा. सप्टेंबर ते नोव्हेंबरला हात लावू नका. मग विचारा: प्रत्येक गटातले किती टक्के लोक या तीन महिन्यांत परत आले? ज्या गटाला तुम्ही ‘निष्ठावंत’ म्हटलंत तो खरंच परत आला का?

आणि शेजारी एक साधी पद्धत ठेवा. के-मीन्स नको, फक्त ‘शेवटची खरेदी’चे तीन सारखे भाग आणि ‘किती वेळा’चे तीन भाग, असे नऊ खण. कोण परत येईल हे जर हे नऊ खण तुमच्या गटांइतकंच चांगलं सांगत असतील, तर तुमचे गट सोयीची लेबलं आहेत. ती वापरा, पण ग्राहकांचे ‘नैसर्गिक प्रकार’ सापडले असं म्हणू नका. पुढची पायरी म्हणजे एकाच गटाच्या आत बघणं: शेवटची खरेदी अलीकडची असलेले लोक तिथेही जास्त परत येतात का? येत असतील तर गट पाडताना उपयोगी माहिती फेकली गेली. एक मर्यादा मात्र राहतेच. दुकान भेटवस्तूंचं आहे, शरद आणि नाताळाचा हंगाम वर्षातून एकदा येतो, आणि डेटा वर्षभराचाच आहे. परत आलेला ग्राहक निष्ठेमुळे आला की हंगामामुळे, हे यातून वेगळं काढता येत नाही.

म्हणून मॉलचा सराव करून झाला की त्याखाली मी एवढंच लिहीन: उत्पन्न आणि स्कोअर सारख्या मापाने मोजले, तर या दोनशे ठिपक्यांत पाच पुंजके सपाट विखुरण्यापेक्षा ठळक आहेत, आणि जास्त स्कोअरच्या दोन पुंजक्यांतले लोक वयाने तरुण आहेत. एवढं त्या फाइलमध्ये आहे. ‘बेफिकीर’ आणि ‘टार्गेट’ हे शब्द त्या फाइलमध्ये कुठेही नाहीत.